यारदम्मा ई गुलाबी? – मायक्रोच्या एका चार्टची गोष्ट

मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डीएमएलटी करते. मायक्रोबायोलॉजीचं स्टेनिंग, म्हणजे जंतू रंगवून बघणं, आणि कल्चर मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, यांचं चॅप्टर एका चार्टवर उतरवायचं होतं, त्यात माझे सोळा दिवस, दोन कार्डशीट आणि बरीच झोप गेली. माझ्यामागून येणाऱ्या पोरींना हेच करायला लागणार आहे म्हणून सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतेय, कुठं अडकले ते पण.

२ जुलैला मॅडमनी चॅप्टर संपवलं. पुस्तकात ते ३८ पानांचं आहे. सांगितलं की हे अख्खं चॅप्टर एका कार्डशीटवर आणायचं, रकाने तीनच, ऑर्गॅनिझम, मेथड आणि एक्स्पेक्टेड रिझल्ट, १६ तारखेला सबमिशन, इंटर्नलचे १० मार्क. मला वाटलं हे तर सोपं, चार्ट म्हणजे सुंदर अक्षर आणि स्केचपेन. कार्डशीट २० रुपये, बारा रंगांचा स्केचपेनचा डबा ६० रुपये. बसचं बायकांना शून्य तिकीट आहे म्हणून तेवढे तरी वाचले (आधार कार्ड जवळ ठेवा गं, एकदा विसरले आणि पूर्ण तिकीट काढायला लागलं).

३ ते ६ जुलै मी काय केलं तर पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून जे जे दिसेल ते चार्टवर चढवत गेले. आधी सगळे स्टेन, मग सगळे मीडिया, पुस्तकाच्याच क्रमानं. ३४ ओळी झाल्या. रात्री साडेअकराला आई उठून आली, म्हटली, "काय करुलालीस गं, रंगपंचमी हाय काय?" मी पालथी पडून गुलाबी स्केचपेननं रिझल्टचा रकाना भरत होते. ई. कोलाय, ग्रॅम, पिंक. टीबी, झेडएन, पिंक. क्लेब्सिएला, मॅकॉन्की, पिंक. दिसायला फार छान दिसत होता चार्ट, खरंच.

८ तारखेला चेकिंगला दाखवला. मॅडम कन्नडमध्येच बोलतात, आम्हा मराठी पोरींना समजतं तेवढं समजतं आणि उरलेलं शेजारी बसणारी बैलहोंगलची मैत्रीण सांगते. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि जिथं जिथं नुसतं पिंक लिहिलेलं तिथं गोल काढत गेल्या. नऊ गोल झाले. मग मान वर करून शांतपणे विचारलं, "यारदम्मा ई गुलाबी?" म्हणजे हे गुलाबी कुणाचं गं. मी म्हटलं ई. कोलायचं. त्या म्हटल्या, ई. कोलाय गुलाबी असतो का? मी गप्प. मग टीबीवर बोट ठेवून, इथलं गुलाबी म्हणजे पॉझिटिव्ह का निगेटिव्ह? मी म्हटलं निगेटिव्ह, कारण ग्रॅममध्ये पिंक म्हणजे निगेटिव्ह हे डोक्यात पक्कं बसलेलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, चार्ट गुंडाळून परत दिला आणि म्हटल्या, या आठवड्याची प्रॅक्टिकल करून मग लिही.

गुलाबी हा शब्द कन्नडमध्ये पण गुलाबीच, त्यामुळे भाषेचं निमित्त पण सांगता येईना. (जांभळ्याला ते नेरळे म्हणतात आणि नेरळे म्हणजे जांभूळच, म्हणजे रंगाला फळाचंच नाव दोन्हीकडे. क्रिस्टल व्हायोलेटचा रंग मला त्याच दिवसापासून पाठ आहे, जांभूळ खाऊन जीभ दाखवली की दिसतो तो.)

९ जुलैला ग्रॅम स्टेनचं प्रॅक्टिकल. आम्हाला स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं कल्चर दिलेलं, ग्रॅम पॉझिटिव्ह, द्राक्षाच्या घडासारखे गोल गोल जांभळे दिसायला पाहिजेत. काचेवर जंतूंचा पातळ थर, म्हणजे स्मिअर केला, हवेत वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवून फिक्स केला. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. ग्रॅम्स आयोडीन १ मिनिट, पाणी. मग डीकलराइज करायला, म्हणजे रंग धुवायला, ॲसिटोन. ॲसिटोनला २-३ सेकंद सांगितलेले. मी थेंब टाकले, जांभळं पाणी वाहायला लागलं, ते थांबेपर्यंत थांबावं म्हणून बघत बसले, तेवढ्यात शेजारणीनं विचारलं सॅफ्रनिन संपलं का, मी वळून सांगितलं आणि मग धुतलं. दहा-बारा सेकंद गेले असतील. सॅफ्रनिन ३० सेकंद, धुतलं, वाळवलं, ऑइल इमर्शनखाली लावलं. गोल गोल घड अगदी पुस्तकातल्यासारखे, पण सगळे गुलाबी.

मी रेकॉर्डमध्ये लिहिणार होते ग्रॅम निगेटिव्ह कॉकाय. लॅबच्या सरांनी बघितलं, म्हटले स्टॅफ तुझ्यामुळे निगेटिव्ह होणार आहे का. मग त्यांनी समजावलं ते पुस्तकात पण आहे पण मी रंग पाठ करायच्या नादात कारण वाचलंच नव्हतं. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून आत एक मोठा गोळा तयार होतो. पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड, घोंगड्यासारखी, ॲसिटोननं ती आक्रसते आणि रंग आत अडकतो. निगेटिव्हची भिंत पातळ, पंचासारखी, वरचा चरबीचा थर ॲसिटोननं विरघळतो आणि रंग भडाभडा निघून जातो. पण घोंगडं सुद्धा तासभर धूत बसलं तर रंग सोडणारच. माझं तेच झालं. उलटं पण होतं, कमी धुतलं किंवा स्मिअर जाड झाला तर निगेटिव्हवाले पण जांभळेच राहतात. आणि कल्चर शिळं असलं तर पॉझिटिव्ह जंतूंची भिंतच खराब झालेली असते, मग बरोबर धुतलं तरी काही जांभळे काही गुलाबी. म्हणून ताजं कल्चर, १८ ते २४ तासांचं.

आणि सरांनी एक गोष्ट सांगितली त्यानं माझ्या डोक्यातली गाठ सुटायला लागली. हॅन्स क्रिश्चियन ग्रॅमनं ही पद्धत १८८४ मध्ये छापली तेव्हा त्यात सॅफ्रनिनचा गुलाबी नव्हताच, तो नंतर जोडला गेला. म्हणजे ग्रॅममधला गुलाबी हा मुळात रिझल्टच नाही. रिझल्ट एवढाच की पहिला रंग टिकला का सुटला. ज्यांचा सुटला ते काचेवर दिसतच नाहीत, म्हणून त्यांना दिसण्यापुरता दुसरा रंग चढवायचा. उद्या सॅफ्रनिनच्या जागी दुसऱ्या रंगाचं काही वापरलं तर निगेटिव्हचा रंग बदलेल, निगेटिव्हपणा बदलणार नाही.

इथं एक टिप, ही मला सगळ्यात उपयोगाला आली. स्लाइडवर एका कडेला माहितीतला स्टॅफ, दुसऱ्या कडेला माहितीतला ई. कोलाय आणि मध्ये आपलं सँपल, असे तीन स्मिअर एकाच काचेवर करा आणि एकदमच स्टेन करा. स्टॅफ जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी आला तरच मधल्यावर विश्वास. पसचा स्मिअर असेल तर त्यातल्या पस सेल्सचे न्यूक्लियस बघा, ते गुलाबी पाहिजेत, जांभळे दिसले तर धुणं कमी झालंय, जंतूंचा रंग बघूच नका, दुसरी स्लाइड करा. मी त्या दिवशी चार स्लाइड केल्या, चौथी बरोबर आली. पाच वाजताची बस चुकली, सव्वासहाला मिळाली, उभ्यानं आले.

१० जुलै, मॅकॉन्की अगार. प्लेट आधीच ओतून ठेवलेल्या. अगारचं सांगते, हे म्हणजे आपण घरी दुधात घालून वड्या करतो ते चायना ग्रास. कॉखच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या वॉल्थर हेसेची बायको फॅनी हेसे, ती स्वयंपाकात जेलीला वापरायची आणि तिनंच १८८१ च्या सुमारास सुचवलं की जिलेटिनच्या जागी हे घाला, कारण जिलेटिन इनक्युबेटरच्या ३७ डिग्रीला पातळ होतं. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की ३७ ला काही होत नाही, वितळायला जवळजवळ उकळायलाच लागतं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या चॅप्टरमधलं काहीतरी ओळखीचं वाटलं.

आम्ही प्लेटचे तीन भाग करून ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि प्रोटिअस स्ट्रीक केले, ३७ डिग्री, रात्रभर. ११ ला सकाळी उघडलं. ई. कोलाय चपटा गर्द गुलाबी, क्लेब्सिएला गुलाबीच पण फुगीर, ओला, लूपनं उचलला तर शेंबडासारखी तार येते (मॅडम म्यूकॉइड म्हणतात, पण तार म्हटलं की लक्षात राहतं). आणि प्रोटिअस. मी प्रोटिअसला पण गुलाबी म्हटलं. कारण बघितलं तर मला गुलाबीच दिसत होता! मॅडमनी पांढरा कागद घेतला, प्लेट त्याच्यावर धरली आणि ज्या भागात काहीच उगवलेलं नाही तिथं बोट दाखवलं. तो भाग पण फिका गुलाबीच. म्हणजे मॅकॉन्कीचा स्वतःचाच रंग तसा आहे आणि बिनरंगी कॉलनीतून तो पलीकडचा दिसतो. परत तोच प्रश्न, यारदम्मा ई गुलाबी? या वेळी मला उत्तर आलं, म्हटलं अगारचं. मॅडमनी मान हलवली, एवढंच, पण मला बरं वाटलं.

प्लेट डोळ्यासमोर आडवी धरून खालून बघितलं की पण कळतं, खऱ्या गुलाबी कॉलनीच्या आजूबाजूला अगार पण जास्त लाल झालेला असतो. कारण इथं जंतूला कुणी रंगवलेलंच नाही. मॅकॉन्कीत लॅक्टोज साखर असते आणि न्यूट्रल रेड हा इंडिकेटर असतो. जो जंतू लॅक्टोज फोडतो तो ॲसिड तयार करतो, पीएच ६.८ च्या खाली गेला की न्यूट्रल रेड लाल होतो. म्हणजे हा गुलाबी रंग जंतूचा नाही, भिंतीचा पण नाही, त्यानं काय खाल्लं त्याचा आहे. प्रोटिअस लॅक्टोज खात नाही, म्हणून फिका. तोच ई. कोलाय, तोच प्रोटिअस, ग्रॅमखाली घ्या, दोघंही गुलाबी दांड्या, काडीचा फरक कळत नाही. मॅकॉन्कीवर एक गुलाबी एक फिका. माझ्या पहिल्या चार्टमध्ये मी ई. कोलायच्या दोन्ही ओळींपुढं पिंक लिहून एकाच्या जिवावर दुसरं तपासत होते, की बघा जुळलं! जुळलं कसलं, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं योगायोगानं एका रंगाची होती.

प्रोटिअसचं अजून एक, मॅकॉन्कीवर तो शहाण्यासारखा कॉलनी करून बसतो पण ब्लड अगारवर लाटा लाटा करत अख्खी प्लेट व्यापतो, त्याला स्वॉर्मिंग म्हणतात, आणि झाकण उघडलं की माशासारखा वास. मॅकॉन्कीतले बाइल सॉल्ट त्याला पसरू देत नाहीत. म्हणजे मेथड बदलली की रिझल्ट बदलला, ऑर्गॅनिझम तोच. तेव्हा मला कळलं की ओळी पुस्तकाच्या क्रमानं नाही तर ऑर्गॅनिझमच्या नावानं लावल्या पाहिजेत, एका जंतूची सगळी घरं शेजारी शेजारी.

वेळ पण लिहायलाच पाहिजे हे पण इथंच कळलं. मॅकॉन्की १८ ते २४ तासांत वाचायचं. शिगेला सोनेई लॅक्टोज उशिरा फोडतो, प्लेट दोन दिवस ठेवली तर तो गुलाबी व्हायला लागतो आणि आपण वेगळंच काहीतरी रिपोर्ट करू.

१२ जुलै झेडएन, म्हणजे टीबीचा जंतू ओळखायचा झील-नील्सन स्टेन. टीबीचं सँपल आम्हा विद्यार्थ्यांच्या हातात देत नाहीत, आधीच हीट फिक्स केलेल्या स्लाइड देतात, स्टेन तेवढा आपण करायचा. स्ट्राँग कार्बोल फ्युक्सिन स्लाइडभर ओतायचं, खालून ज्योत लावून वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, ५ मिनिटं ठेवायचं आणि वाळायला लागलं तर वरून अजून घालायचं. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि विसरले. माझ्या स्लाइडची एक बाजू कोरडी पडली. नंतर २० टक्के सल्फ्युरिक ॲसिडनं धुणं, मिथिलिन ब्लू, सगळं बरोबर केलं. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर लालच लाल! मी मोठ्यानं म्हटलं थ्री प्लस. सरांनी फोकसचा बारीक स्क्रू थोडा फिरवला आणि म्हटले आता बघ. ते लाल तुकडे काही लांब काही आखूड, टोकं अणकुचीदार, आणि सेल्स फोकसमध्ये असताना हे अंधुक, हे फोकसमध्ये आणले की सेल्स अंधुक. म्हणजे स्मिअरच्या वर बसलेले. वाळलेल्या फ्युक्सिनचे खडे होते ते. खरे बॅसिलाय बारीक, किंचित वाकलेले, पस सेल्सच्याच पातळीवर असतात. मग स्लाइडच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मोजायला लावलं. शंभर फील्डमध्ये १ ते ९ सापडले तर स्कँटी म्हणून आकडाच लिहायचा, १० ते ९९ असले तर वन प्लस. माझ्या स्लाइडवर खरे बॅसिलाय शंभर फील्डमध्ये २३ निघाले. थ्री प्लसवरून वन प्लस. पेशंटची स्लाइड असती तर काय झालं असतं याचा विचार मी बसमध्ये खानापूर येईपर्यंत करत होते.

टिप अशी की फ्युक्सिन वापरायच्या आधी गाळून घ्या, आणि तापवताना एका हातात ड्रॉपर धरूनच उभं राहा.

आणि झेडएनचा गुलाबी कुणाचा तर हा पहिल्याच रंगाचा. इथं लाल फ्युक्सिन आधी घालतात. टीबीच्या जंतूची भिंत मायकोलिक ॲसिडमुळे मेणचट, थंड रंग आत शिरत नाही, वाफेनं शिरतो आणि मग ॲसिड ओतलं तरी निघत नाही. बाकीच्यांचा निघतो आणि त्यांना निळा चढतो. म्हणजे ग्रॅममध्ये गुलाबी म्हणजे ज्यानं रंग सोडला तो, झेडएनमध्ये गुलाबी म्हणजे ज्यानं सोडला नाही तो, बरोब्बर उलटं. मी ८ तारखेला टीबीला निगेटिव्ह म्हटलं ते यामुळे. ॲसिडचा जोर पण लिहून ठेवा, कुष्ठरोगाच्या जंतूला २० टक्के चालत नाही, त्याची पकड कमी, ५ टक्केच घ्यायचं, नाहीतर असलेला जंतू पण निळा होऊन जाईल.

१३ आणि १४ जुलै दुसरा चार्ट. या वेळी स्केचपेन हातात घ्यायच्या आधी कच्च्या वहीत ओळी लिहिल्या. ३४ च्या ११ केल्या. रकाने तीनच ठेवले, पण रिझल्टच्या रकान्यात नुसता रंग लिहायचा नाही असा स्वतःला नियम घातला, काय रंगलं, कशावर दिसतं, का, किती वेळानं, हे सगळं एका वाक्यात आलंच पाहिजे. मैत्रीण संध्याकाळी फोनवर होती, मी एक ओळ वाचायची आणि तिनं विचारायचं "यारदु?", उत्तर ओळीतच सापडलं तर ठेवायची नाहीतर परत लिहायची. ई. कोलायची ग्रॅमची ओळ शेवटी अशी झाली: "दांड्या गुलाबी; जांभळा सुटला म्हणून सॅफ्रनिन चढलं; याच स्लाइडवरचा स्टॅफ जांभळा असेल तरच धरायचं." त्याच्याखाली लगेच मॅकॉन्कीची: "कॉलनी गुलाबी, चपटी, भोवतीचा अगार पण लाल, लॅक्टोज फोडून ॲसिड झालं, १८-२४ तासांत." टीबीची: "बारीक लाल दांड्या निळ्या पार्श्वभूमीवर, ॲसिडनं पण फ्युक्सिन सुटलं नाही, फोकस बदलून खडे नाहीत ना बघणे." आणि टीबीचीच एलजे मीडियमवरची ओळ, तिथं तर गुलाबीचा संबंधच नाही, मीडियम हिरवं असतं मॅलाकाइट ग्रीनमुळे आणि कॉलनी खरखरीत, फिकट पिवळट, त्या पण ८ आठवड्यांपर्यंत वाट बघून. एलजेत अगार नसतो हे माझं पहिल्या चार्टमध्ये चुकलेलं, ते अंड्यानं घट्ट होतं, उकडलेल्या अंड्यासारखंच, तापवून.

काही ओळी टाकायला जड गेल्या. इंडिया इंक, अल्बर्ट, टीसीबीएस ठेवले कारण त्यांचं दुसरं काही गुलाबी नाही आणि परीक्षेत येतात. अल्बर्टमध्ये डिप्थीरियाचे जंतू हिरवे आणि त्यांच्यात निळे-काळे ठिपके, टीसीबीएसवर कॉलराचा जंतू सुक्रोज फोडून पिवळ्या कॉलनी करतो. एंटेरोकॉकसची ओळ मात्र मी काढली आणि परत घातली. तो ग्रॅम पॉझिटिव्ह, पुस्तकात ठोकून लिहिलंय की मॅकॉन्कीवर निगेटिव्हच वाढतात, पण ज्या मॅकॉन्कीत क्रिस्टल व्हायोलेट घातलेलं नसतं त्याच्यावर हा टाचणीच्या टोकाएवढ्या गर्द गुलाबी कॉलनी करतो. म्हणजे मॅकॉन्कीवर गुलाबी आलं म्हणून ग्रॅम निगेटिव्ह असं लिहून मोकळं होता येत नाही, कॉलनी घेऊन ग्रॅम करायलाच लागतो. ही ओळ तळाला घातली, लाल चौकटीत.

आता कागदपत्रांचं. १६ तारखेला सकाळी धो धो पाऊस, जुलैतलं खानापूर म्हणजे सांगायलाच नको. चार्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, पण पिशवी आखूड पडली आणि वरची चार बोटं बाहेर. बसमधून उतरून कॉलेजपर्यंत जाईतोवर वरच्या भागातलं सगळं जांभळं स्केचपेन वाहून गेलेलं आणि गुलाबी पसरलेलं. मैत्रीण बघून म्हटली, ओव्हर डीकलराइज झालं गं. हसू पण आलं आणि रडू पण. मजकूर मात्र मी बॉलपेननं लिहिलेला, तो टिकला. त्या अवस्थेत सबमिट करायला नको वाटलं, मॅडमना विचारलं, त्या म्हटल्या उशिराचा अर्ज दे. तर उशिरासाठी अर्ज साध्या कागदावर, त्याच्यावर आधी विषयाच्या मॅडमची सही, मग एचओडींची, मग ऑफिसात इनवर्ड नंबर. एचओडी १७ ला मीटिंगला गेलेले. ऑफिसात म्हटले सहीशिवाय घेणार नाही, आणि रेकॉर्ड बुक पण सोबत पाहिजे, ते त्या दिवशी घरी. १८ ला सगळं घेऊन गेले, पावणेदोन तास बाकावर बसले, पावणेएकला सही झाली. तेवढ्या वेळात वरची ओळ नव्या कागदावर लिहून चिकटवली. अर्जाची झेरॉक्स काढून त्याच्यावर पोच घ्या, माझ्या शेजारणीनं घेतली नाही आणि तिला परत अर्ज करायला लागला. उशिराचे २ मार्क गेले.

मॅडमनी चार्ट बघितला, या वेळी लाल पेन बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, तो पण चार्टबाहेरचा. म्हटल्या, तुला एक स्लाइड दिली, गुलाबी दांड्या दिसतायत, काय लिहिशील? मी म्हटलं कुठला स्टेन केलाय ते आधी सांगा मॅडम. त्यांनी सही केली.

गेल्या आठवड्यात ज्युनिअर पोरी चार्ट मागायला आल्या. मूळ चार्ट रेकॉर्डसोबत जमा आहे म्हणून माझ्याकडे होती ती झेरॉक्स दिली, दुकानात मोठी मशीन होती तिच्यावर काढलेली, ३० रुपये, ब्लॅक अँड व्हाइट. पहिला चार्ट पण मी फेकला नव्हता, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले. पहिल्याची पण झेरॉक्स काढून बघितली गंमत म्हणून. त्याच्यातले गुलाबी, जांभळे, लाल गोल सगळे एकसारखे करडे आलेले, रिझल्टच्या रकान्यात काय आहे ते कळतच नव्हतं. दुसऱ्याचा पण रंग गेला होता, पण एकीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, दांड्या गुलाबी, जांभळा सुटला म्हणून सॅफ्रनिन चढलं, आणि दुसरी म्हटली थांब थांब, हळू, लिहून घेते.